यादी नावानुसार लावल्यावर पावतीवर भलतेच नाव येत असेल, तर कंपनीला काय लिहावे

प्रश्न: फी सॉफ्टवेअरमध्ये यादी नावाप्रमाणे लावून पावती काढली की दुसऱ्याच विद्यार्थ्याचे नाव छापून येते. कंपनीला पत्र लिहायची जबाबदारी माझ्यावर आली आहे. कसे लिहू? आणि तोपर्यंत काउंटर चालू ठेवावे का?

उत्तर:

‘सॉफ्टवेअर नीट चालत नाही, कृपया दुरुस्त करावे’ एवढेच लिहिणार असाल तर पत्र न लिहिलेलेच बरे, कारण त्यावर येणारे उत्तर मला पाठ आहे: ‘ऑपरेटरकडून चुकीच्या ओळीवर क्लिक झाले असावे.’ मी नागपुरातील एका अनुदानित महाविद्यालयाच्या शुल्क विभागात वरिष्ठ लिपिक आहे आणि हेच वाक्य कंपनीच्या प्रतिनिधीने आमच्या प्राचार्यांसमोर, मी समोर उभा असताना, ऐकवले होते.

आमच्याकडे दोष उघडकीस आला तो शिष्यवृत्तीच्या टेबलावर. ज्या विद्यार्थिनीकडून शिक्षण शुल्क घेतलेलेच नव्हते, तिच्या नावाची पूर्ण शुल्काची पावती एका पालकाच्या हातात होती आणि ते पालक आपल्या मुलाची पावती मागत होते. पावतीचा क्रमांक, तारीख आणि रक्कम त्यांच्या मुलाचीच होती. फक्त नाव तिचे होते. हा दोष इतके दिवस कोणाच्या लक्षात आला नाही याचे कारणही त्यातच आहे. एका वर्गातील खुल्या प्रवर्गाच्या बहुतेक विद्यार्थ्यांची रक्कम सारखीच असते, काउंटरवरचा माणूस रक्कम आणि शिक्का पाहतो, आणि विद्यार्थी पावती घडी करून खिशात टाकतो. नाव वाचले जाते ते बँकेत शैक्षणिक कर्जासाठी, किंवा वडिलांच्या कार्यालयात प्राप्तिकराच्या वजावटीसाठी पावती दिल्यावर. तोपर्यंत विद्यार्थी उमरेडला किंवा काटोलला घरी गेलेला असतो आणि एका पावतीसाठी त्याला पुन्हा बसचे भाडे मोजावे लागते.

कंपनीने चूक आमच्यावर ढकलल्यानंतर मी वाद घालत बसलो नाही. मागच्या वर्षाच्या डेटाची चाचणी प्रत उघडून, तिच्यात प्रवेशाच्या क्रमाने चार नावे ठेवली (आडनावे येथे बदलली आहेत): पहिले वानखेडे, दुसरे गेडाम, तिसरे राऊत, चौथे मेश्राम. यादी याच क्रमात असताना चारही पावत्या बिनचूक छापल्या गेल्या. मग नावाच्या मथळ्यावर क्लिक करून यादी अक्षरानुक्रमे लावली, म्हणजे पडद्यावर गेडाम, मेश्राम, राऊत, वानखेडे असा क्रम आला. आता गेडामच्या ओळीवरून पावती काढली तर नाव वानखेडे छापले गेले, मेश्रामच्या ओळीवरून काढली तर गेडाम, आणि वानखेडेच्या ओळीवरून काढली तर मेश्राम. राऊतची पावती मात्र बरोबर आली, कारण राऊत दोन्ही क्रमांत तिसऱ्याच जागी आहे.

येथे जरा थांबावे, कारण पत्र बहुधा याच ठिकाणी फसते. पहिली गोष्ट म्हणजे दोन विद्यार्थ्यांच्या नावांची आपसांत अदलाबदल झालेली नसते. गेडामच्या पावतीवर वानखेडे आहे म्हणून वानखेडेच्या पावतीवर गेडाम असेल असे समजून आपण दोनच पावत्या परत मागवल्या, तर तिसरी चुकीची पावती बाहेरच राहते. दुसरी गोष्ट म्हणजे काही पावत्या योगायोगाने बरोबर येतात, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून कंपनी म्हणते की दोष ‘कधी कधी’ येतो, म्हणजे तो माणसाचा असावा. प्रत्यक्षात तो दर वेळी आणि ठरलेल्या नियमाने येतो: पडद्यावर ज्या जागेवरची ओळ निवडली, मूळ क्रमात त्याच जागेवर असलेल्या विद्यार्थ्याचे नाव छापले जाते. खात्री करायची असेल तर यादी उलट्या क्रमाने लावून पहिल्या ओळीची पावती काढावी. पडद्यावर आता वानखेडे पहिला आहे आणि मूळ क्रमातही तोच पहिला आहे, म्हणून ही पावती बरोबर येईल. दुसऱ्या ओळीवर राऊत आहे, त्याच्या पावतीवर मात्र गेडाम येईल. कोणते नाव येणार हे छापण्याआधी सांगता आले, की ऑपरेटरच्या बोटांचा प्रश्न उरत नाही.

असे का होते हे पुढे कंपनीच्याच एका तरुण प्रोग्रामरने पडद्यावर दाखवले. पावतीचा क्रमांक आणि रक्कम निवडलेल्या ओळीतून घेतली जात होती, नाव मात्र असे घेतले जात होते:

```
name = dt.Rows[e.RowIndex]["StudentName"].ToString();
```

यादी लावल्याने फक्त पडद्यावरचा क्रम बदलतो. त्यामागचा `dt` हा तक्ता जसा भरला तसाच राहतो. विद्यार्थ्यांनी बाक बदलले आणि शिक्षकांनी बाकाच्या क्रमांकावरून हजेरी घेतली, तर जे होईल तेच येथे झाले. त्याने ती ओळ काढून, निवडलेल्या ओळीतील पावती क्रमांकावरून संपूर्ण नोंद डेटाबेसमधून नव्याने आणण्याची व्यवस्था केली, आणि हाच उपाय योग्य आहे. निव्वळ नावाची जागा बदलली असती तर पुढे वर्गाचे किंवा वडिलांचे नाव त्याच पद्धतीने चुकले असते.

आता पत्र. आम्ही पाठवलेल्या पत्राचा मुख्य भाग पुढीलप्रमाणे होता. आपण आपले तपशील घालून तो वापरावा.

‘विषय: शुल्क-पावतीवर अन्य विद्यार्थ्याचे नाव छापले जाण्याबाबत.

महोदय,

आपल्या शुल्क प्रणालीतील “पावती छपाई” या पडद्यावर विद्यार्थ्यांची यादी नावानुसार लावून पावती काढली असता, पावतीवर क्रमांक, दिनांक व रक्कम निवडलेल्या विद्यार्थ्याची, परंतु नाव दुसऱ्या विद्यार्थ्याचे येते. मूळ क्रमातील यादीवरून, तसेच पावती क्रमांकाने शोध घेऊन काढलेली पावती बिनचूक येते. चार नावांवर घेतलेल्या चाचणीचा तक्ता, पडद्याची छायाचित्रे व त्याच वेळी छापलेल्या पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. छापले जाणारे नाव हे मूळ क्रमात त्याच स्थानी असलेल्या विद्यार्थ्याचे असल्याचे त्यावरून दिसून येते.

कृपया पुढील बाबी लेखी कळवाव्यात: चुकीचे नाव केवळ छपाईत आले आहे की डेटाबेसमधील कोणत्याही नोंदीत साठवले गेले आहे, हा दोष प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीपासून व कोणत्या दिनांकापासून आहे, आणि त्या दिनांकापासून या पडद्यावरून छापलेल्या सर्व पावत्यांचे क्रमांक. महाविद्यालयाच्या लेखी संमतीशिवाय डेटाबेसमधील कोणतीही नोंद थेट बदलण्यात येऊ नये.’

शेवटचे वाक्य कोणी कितीही कडक म्हटले तरी गाळू नये. आमच्या बाबतीत नोंदी बरोबर होत्या, चूक फक्त कागदावर होती. ‘आम्ही मागून नावे दुरुस्त करून देतो’ हा कंपनीचा पहिला प्रस्ताव मान्य केला असता, तर बरोबर असलेली नोंदही बिघडली असती. म्हणूनच पावती क्रमांकाने शोधून पाहणे, आणि दैनिक जमा नोंदवहीशी नावे ताडून पाहणे, हे पत्र पाठवण्यापूर्वीच करावे. पत्रावर जावक क्रमांक घालावा आणि कंपनीकडून पोच घ्यावी. आमचे कार्यालय अधीक्षक म्हणत की लेखी पत्राने संबंध बिघडतात, फोनवर गोडीने काम होते. फोनवरच्या गोडीने आम्हाला मिळाले ते ऑपरेटरच्या चुकीचे प्रमाणपत्र. पोच घेतलेल्या पत्रानंतर मिळाला तो प्रोग्रामर. अधीक्षक आता निवृत्त झाले असले तरी माझे हे मत बदललेले नाही.

काउंटर बंद ठेवण्याचे कारण नाही. पावती क्रमांक किंवा नोंदणी क्रमांक टाकूनच पावती काढावी आणि देण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या ओळखपत्राशी नाव ताडावे. ‘यादी सॉर्ट करू नका, मग प्रश्न येणार नाही’ हे कंपनीचे सांगणे तात्पुरते पाळावे, पण त्याला दुरुस्ती समजू नये. प्रवेशाच्या दिवसांत खिडकीवर येणारा प्रत्येक जण आपले नाव सांगतो, पावती क्रमांक कोणालाच ठाऊक नसतो, आणि नावाने शोधण्याची सोय हेच तर सॉफ्टवेअर विकताना सांगितलेले वैशिष्ट्य होते.

चुकीच्या पावत्या परत घेऊन त्यांवर ‘रद्द’ असा शेरा मारून फाईलला लावाव्यात, आणि नोंद बरोबर असल्यास त्याच क्रमांकाची प्रत ‘दुरुस्त प्रत’ असे लिहून द्यावी. नवा क्रमांक दिला तर एकदाच आलेली रक्कम जमा नोंदवहीत दोनदा दिसते आणि मग उलट नोंद करत बसावे लागते. तरीही आपल्या लेखापरीक्षकांची याला संमती आहे का, हे आधी विचारून घ्यावे. काही जण वेगळी पद्धत सांगतात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. वरील सर्व विवेचन मूळ क्रमात पावती बरोबर येत असेल तरच लागू आहे. यादी न लावताही, आणि पावती क्रमांकाने शोधूनही, नाव चुकत असेल, तर विद्यार्थ्यांची माहिती प्रणालीत कशी भरली गेली ते पाहावे. एक्सेलमध्ये फक्त नावांचा रकाना निवडून सॉर्ट केले आणि आलेल्या सूचनेत `Expand the selection` ऐवजी `Continue with the current selection` निवडले गेले, तर नावे हलतात आणि बाकीचे रकाने जागेवर राहतात. तशी फाईल प्रणालीत चढवली असेल तर दोष माहितीत शिरलेला असतो, कंपनीच्या प्रोग्राममध्ये नसतो. त्या स्थितीत कंपनीला पत्र लिहिण्याआधी मूळ प्रवेश अर्ज काढून नोंदणी क्रमांकानुसार नावे ताडावीत.