पोटेन्शियलच्या रकान्यातलं एक वाक्य

"मॅडम, चुकून शेअर झालेल्या शीटमध्ये माझं नाव उजव्या बाजूच्या सगळ्यात खालच्या चौकोनात दिसलं. दोन वर्षं रेटिंग उत्तम आहे, मग पोटेन्शियल कमी कसं? नोकरी जाणार का?"

तुमची शीट म्हणजे माणसांना कामगिरी आणि पोटेन्शियल, म्हणजे पुढचं पद पेलण्याची क्षमता, यांवरून नऊ चौकोनांत मांडणारा तक्ता. त्याचे आधी अक्ष बघा. बहुतेक कंपन्यांत आडवा अक्ष कामगिरीचा आणि उभा पोटेन्शियलचा असतो, काही ठिकाणी उलटाही. तुमच्या शीटवर नेहमीचीच मांडणी असेल, तर हा चौकोन 'आहे त्या जागी भरवशाचा माणूस' असा वाचतात. काळजीचा चौकोन डावीकडचा खालचा. मात्र बढतीची यादी साधारण वरच्या ओळीतून निघते, तेव्हा तुमची खंत निराधार नाही.

असाच एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणाऱ्या एक बाई याच चौकोनात होत्या. "मला वर का नेलं नाही?" असं न विचारता त्यांनी साहेबांना दोन गोष्टी विचारल्या: पोटेन्शियल कोणत्या पदासाठी धरलं, आणि गेल्या वर्षभरातल्या कोणत्या कामावरून ठरवलं? शेऱ्यात एकच वाक्य निघालं: "चाकण प्लांटला जायला तयार नाही." हा नकार तीन वर्षांपूर्वीचा होता, तेव्हा मूल आठ महिन्यांचं होतं. पुढच्या प्रत्येक वर्षीच्या शीटमध्ये जुना शेरा तसाच कॉपी होत गेला.

घोळ इथेच झाला. बदलीची तयारी ही एक गोष्ट, पुढचं पद पेलण्याची क्षमता ही दुसरी, आणि ते पद हवं असणं ही तिसरी. तिन्ही एकाच रकान्यात कोंबल्या, की 'आत्ता जमणार नाही'चं 'जमायचं नाही' होतं. कामगिरीला निदान रिजेक्शनचे आकडे असतात. पोटेन्शियल बऱ्याचदा एका साहेबाचा अंदाज असतो. तो अंदाज इतर विभागप्रमुखांनी तपासावा म्हणून कॅलिब्रेशनची बैठक असते. पण त्या कारखान्यात दोन तासांत चाळीस नावं झाली होती, म्हणजे माणशी तीन मिनिटं. तेवढ्यात पुरावा कोण मागणार! (हा तक्ता मुळात धंद्यांसाठीचा. 1970च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक आणि मॅकिन्झी यांनी कोणत्या धंद्यात पैसा घालायचा हे ठरवायला नऊ चौकोन वापरले होते. धंद्याला बाळंतपणाची रजा नसते.)

बाईंनी पुढच्या बैठकीआधी साहेबांना एक पान दिलं. सप्लायर ऑडिट त्यांनी स्वतः चालवलं होतं, दोन नवख्या इन्स्पेक्टरांना तयार केलं होतं आणि जून महिन्यानंतर चाकणला जायची तयारी होती. ही तारीख त्यांनी मुद्दाम लिहून दिली. नाव एक ओळ वर सरकलं. बढती अजून नाही, कारण वरची जागाच रिकामी नाही. पण सेक्शन हेड रजेवर असताना आता सही त्यांची चालते.