ठिबक आणि फवारणी पंप: कंपनी निवडताना आधी सुटे भाग पाहा

प्रश्न: एक एकर भाजीपाल्यासाठी ठिबक आणि पाठीवरचा बॅटरी पंप घ्यायचा आहे. कंपन्या खूप आहेत, सगळेच 'सर्व्हिस मिळेल' म्हणतात. गावाकडे खरंच सर्व्हिस मिळेल की नाही, हे घ्यायच्या आधी कसं ओळखायचं?

ठिबक बसवणं आणि पंप दुरुस्त करणं हेच माझं काम आहे, त्यामुळे लोक काय तक्रार घेऊन येतात ते रोज पाहतो. कंपनीचा माणूस यावा लागेल असा बिघाड फार क्वचित असतो. बहुतेक वेळा अडतं ते एखाद्या जॉइनरवर, फिल्टरच्या रबरी रिंगवर नाहीतर पंपाच्या चार्जरवर. म्हणून सर्व्हिसबद्दल विचारण्याऐवजी दुकानात जाऊन थेट सुटे भाग मागा.

तुमच्या एकराचा हिशेब करू. ओळींत 4 फूट अंतर धरलं तर लॅटरल, म्हणजे प्रत्येक ओळीतून जाणारी ठिबकची नळी, साधारण 3,300 मीटर लागेल. 40 सेंटिमीटरवर ड्रिपर असलेली इनलाइन नळी घेतली तर ड्रिपर 8,000 च्या वर जातात. ताशी 2 लिटरचा ड्रिपर असेल तर सगळं शेत एकदम चालवायला तासाला 16,000 लिटरहून जास्त पाणी हवं. मोटर तेवढं देत नसेल तर दोन भाग करून आलटून पालटून चालवा. कुठल्याही कंपनीची नळी घेतली तरी हे गणित बदलत नाही, आणि ते न मांडता जो थेट कोटेशन देतो त्याच्याकडून पुढे सर्व्हिसची फार आशा ठेवू नका.

एवढ्या लॅटरलमध्ये उंदीर, खुरपं आणि ऊन मिळून हंगामात अनेक ठिकाणी नळी तोडतात. प्रत्येक जागी जॉइनर लागतो. 16 मिलिमीटर सगळेच लिहितात, पण नळीची जाडी वेगळी असली की आतला व्यास बदलतो आणि एका कंपनीचा जॉइनर दुसरीच्या नळीत ढिला बसतो. म्हणून नळीचा वीतभर तुकडा मागून घ्या आणि जवळच्या दोन वेगवेगळ्या दुकानांत जॉइनर, तसंच लॅटरल मोठ्या पाइपला जोडणारे टेक-ऑफ आणि ग्रोमेट लावून पाहा. दोन्हीकडे घट्ट बसणारा माल मिळाला तर निर्धास्त घ्या. फक्त एकाच विक्रेत्याकडे मिळत असेल, तर त्याचं दुकान बंद पडल्यावर तुमचीही अडचण होणार.

फिल्टरचंही तसंच. आतली जाळी किंवा डिस्क आणि रबरी रिंग सुटी मिळते का, हे आधी पाहा. फिल्टरच्या आधी आणि नंतर प्रेशर गेज लावायची सोय असलेलाच घ्या. दोन्हींतला फरक 0.5 किलोच्या वर गेला की फिल्टर धुवायची वेळ झाली. फिल्टर न धुतल्याने ड्रिपर बुजले तर ते सहसा वॉरंटीत बसत नाही, मग कंपनी कितीही मोठी असो.

बसवून झाल्यावर पैसे पूर्ण देण्याआधी लॅटरलच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली 6 मिनिटं भांडं ठेवा. ताशी 2 लिटरच्या ड्रिपरमधून 200 मिलिलिटर पडायला हवं. दोन टोकांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला, तर लॅटरल लांब झाली, दाब कमी आहे किंवा कुठेतरी गळती आहे. ती दुरुस्ती बसवणाऱ्याकडूनच करून घ्या.

आता पंप. इथे मी नाव सोडून बॅटरी पाहतो. 12 व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी जड असते, पण त्याच मापाची बॅटरी इतर बऱ्याच दुकानांत मिळते. लिथियमची हलकी आणि जास्त चालणारी, फक्त तिचा पॅक आणि चार्जर बहुतेक त्याच कंपनीचा लागतो आणि चुकीचा चार्जर लावणं धोक्याचं आहे. त्यामुळे लिथियमचा पंप घ्यायचा तर चार्जर सुटा मिळतो का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. दुकानातच पाणी भरून चालू करा आणि ट्रिगर सोडा. प्रेशर स्विच नीट असेल तर मोटर लगेच बंद होते. वारंवार चालू-बंद होत राहिली, तर कुठेतरी गळती आहे किंवा स्विच खराब आहे. मोटर उघडता येते का, आतला डायफ्राम सुटा मिळतो का हेही विचारा, कारण फवारणीनंतर स्वच्छ पाणी न चालवल्यास आधी तोच आणि नोझल खराब होतात.

शेवटी, ज्या शेतकऱ्याकडे तीच वस्तू तिसऱ्या हंगामात चालू आहे अशा दोघांना भेटा. नवी घेतलेल्याचं कौतुक उपयोगाचं नाही. कंपनीच्या सर्व्हिस नंबरवर फोनही फवारणीच्या ऐन गर्दीत करा, तेव्हा कोण उचलतो आणि कधी येतो म्हणतो ते ऐका. इतर वेळी सगळेच उचलतात.