पाच वर्षांत नऊ तुकडे, आणि एक रेझ्युमे

प्रश्न: मी काही वर्षं फ्रीलान्स आणि सहा-आठ महिन्यांची कॉन्ट्रॅक्टं केली आहेत. रेझ्युमे विस्कळीत दिसतो, धरसोड वाटते. तो एकसंध कसा दाखवू?

‘धरसोड’ हा शब्द वाचला आणि लिहायला बसले. हा शब्द मी पाच वर्षं घरात ऐकला आहे. माझे थोरले दीर एका कंपनीत एचआरला आहेत, खारघरला राहतात, आणि दर गणपतीत मोदक वाढता वाढता मला विचारायचे, “काय गं, सध्या कुठे? की मधल्या स्टेशनावर?”

मी पायपिंग डिझायनर आहे, म्हणजे कारखान्यांतल्या पाइपलाइनची ड्रॉइंगं काढते. राहते कळव्याला. ऐरोली, महापे, बेलापूर या पट्ट्यात पायपिंगची कामं कशी चालतात हे इथल्या लोकांना सांगायला नको: प्रोजेक्ट आला की एजन्सीमार्फत पन्नास डिझायनर भरतात, मॉडेल रिव्ह्यू आटोपले, आयसोमेट्रिक ड्रॉइंगं निघाली की पन्नास जण घरी. यात आमची धरसोड कुठे आली? धरते कंपनी आणि सोडतेही कंपनीच. पण हे रेझ्युमेच्या पानावर दिसत नाही. पानावर दिसतात फक्त तारखा.

2011 ते 2015 माझी कायमची नोकरी होती. मुलगी झाली तेव्हा ती सोडली. 2016 ते 2021 या काळात तीन कॉन्ट्रॅक्टं आणि घरून केलेली सहा कामं. मी ती नऊच्या नऊ एकाखाली एक लिहिली होती, प्रत्येकाला वेगळा मथळा, वेगळी तारीख, आणि बहुतेकांखाली तीच ती वाक्यं: ‘जीए ड्रॉइंग केली, आयसोमेट्रिक काढली, एमटीओ केला’. वाचणाऱ्याला वाटावं, बाई नऊ ठिकाणांहून पळाली. फोन यायचे नाहीत.

मग दीरांनी सल्ला दिला. “एजन्सीचं नाव कशाला लिहितेस? कोण ओळखतं त्यांना? ज्यांच्या ऑफिसात बसलीस त्या मोठ्या कंपनीचं नाव टाक. कोण बघतंय!” मी टाकलं. फोन येऊ लागले, हे खोटं कशाला बोलू. 2021 मध्ये ऐरोलीच्या एका कंपनीकडून ऑफरही आली. आणि जॉइनिंगच्या आठ दिवस आधी व्हेरिफिकेशनवाल्यांची मेल: नमूद केलेल्या दोन कंपन्यांच्या नोंदीत या नावाची कर्मचारी आढळत नाही, तिसरीची पडताळणी होऊ शकली नाही.

आढळणार कशी? मी त्यांच्या पेरोलवर नव्हतेच. गळ्यात कार्ड त्यांचं होतं, कॅन्टीन त्यांचं होतं, पगार मात्र वागळे इस्टेटच्या एका गाळ्यातून यायचा. वर लाज अशी, की त्या व्हेरिफिकेशनच्या फॉर्मात एजन्सीसाठी वेगळी चौकट होती आणि ती मी कोरी सोडली होती. जॉइनिंग तीन आठवडे लटकलं.

त्या तीन आठवड्यांत मी जे शिकले तेच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न विचारायचा: यात माझा पीएफ कापला जात होता का, की मी बिल देत होते? ‘कॉन्ट्रॅक्ट’ हा शब्द इथे दोन्हीला वापरतात, म्हणून आपलीच गफलत होते. पीएफ कापला असेल तर तुम्ही एजन्सीचे कर्मचारी. यूएएनच्या सर्व्हिस हिस्टरीत एजन्सीचं नाव, लागल्याची आणि सुटल्याची तारीख असते, आणि तपासणारा ती मागतो. पीएफ नसेल आणि फी म्हणून टीडीएस कापून रक्कम येत असेल तर, कोणी काहीही म्हणो, ते तुमचं स्वतंत्र काम. माझ्या त्या वर्षांचा पुरावा आयकराच्या 26एएसमध्ये होता: पैसे देणाऱ्याचं नाव, तारीख, आणि कलम 194जे.

मी स्वतःची दोन्ही कागदपत्रं उतरवून शेजारी शेजारी ठेवली. पहिली दोन कॉन्ट्रॅक्टं एकाच एजन्सीची निघाली, दोन्हींत पीएफ. तिसरं, जानेवारी 2019 ते फेब्रुवारी 2020, मी नोकरी समजत होते. त्यात पीएफचा एक रुपया नाही, चौदा महिने 194जे. म्हणजे ती नोकरी नव्हतीच, मी चौदा महिने एकाच गिऱ्हाइकाला बिलं देत होते. हे कळल्यावर नऊ तुकड्यांची गर्दी आपोआप कमी झाली.

नवा रेझ्युमे असा झाला (असतो इंग्रजीत, इथे मराठीत सांगते). सर्वांत वर एक मथळा: ‘स्वतंत्र पायपिंग डिझायनर, फेब्रुवारी 2017 पासून, कामांनुसार’. त्याखाली ते चौदा महिन्यांचं काम आणि घरून केलेली कामं, प्रत्येकी एक-दोन ओळी, महिने-वर्षासकट. दुसरा मथळा एजन्सीच्या नावाने, आणि त्याखाली दोन उपओळी: ‘नेमणूक: रिफायनरी प्रकल्प, महापे ऑफिस, जून 2016 ते जानेवारी 2017’ आणि ‘नेमणूक: ऐरोली ऑफिस, जून 2017 ते मार्च 2018’. तिसरा मथळा जुनी कायमची नोकरी. नवाचे तीन झाले, आणि एकही तारीख खोटी नाही. एजन्सीच्या दोन नेमणुकांमधले चार महिने मी मथळ्यात बुजवले नाहीत, कारण पीएफमध्ये ते दोन वेगळे कालखंड दिसतात. तिथे सलग लिहिलं असतं तर पुन्हा तीच मेल आली असती.

पण मथळे कमी केल्याने पान नीट दिसतं, माणूस एकसंध दिसत नाही. त्यासाठी कामांतला समान धागा सापडावा लागतो, आणि तो मला एका तळोज्याच्या कामात सापडला.

2018 चा मे महिना. तळोजा एमआयडीसीतला एक लहान केमिकल प्लांट. त्यांना एक नवा रिॲक्टर बसवायचा होता आणि जुन्या लाइनला जोड द्यायचा होता. ड्रॉइंग होतं ते वीस वर्षांपूर्वीचं, पिवळं पडलेलं, त्यावर लाइन चार इंची. मला फक्त ते ऑटोकॅडमध्ये उतरवायला सांगितलं होतं. मी म्हटलं, एकदा बघून येते. इन्सुलेशन एका जागी फाटलं होतं, तिथे ऑपरेटरने अजून थोडं सोलून दिलं. मी टेप पाइपभोवती गुंडाळला. जेमतेम 28 सेंटीमीटर. चार इंची पाइप म्हटलं की बाहेरचा व्यास 114.3 मिलिमीटर, घेर 36 सेंटीमीटरच्या आसपास भरायला हवा. 28 म्हणजे 88.9 व्यास, सरळ तीन इंची. कधीतरी कोणीतरी लाइन बदलली होती आणि कागदावर नोंद केली नव्हती. चार इंची धरून जोडाचा तुकडा, म्हणजे स्पूल, बनवला असता तर शटडाउनच्या दिवशी फ्लँजला फ्लँज जुळली नसती आणि प्लांट तसाच बंद राहिला असता.

हे काम माझ्या जुन्या रेझ्युमेत कसं होतं? ‘ऑटोकॅड ड्राफ्टिंग, तळोजा, 1 महिना’. बस.

मग बाकीची कामं मी त्या नजरेने पाहिली. अंबरनाथची लाइन हलवण्याची कामगिरी, रबाळ्याच्या कारखान्याचं ॲज-बिल्ट, म्हणजे प्रत्यक्षात आहे तसं ड्रॉइंग, महाप्याच्या रिफायनरी प्रोजेक्टमध्ये माझ्या वाट्याला आलेली टाय-इनची, म्हणजे जुन्या लाइनला नवी जोडायच्या जागांची यादी. सगळीच चालू प्लांटमधल्या बदलांची कामं. नवा कोरा प्लांट मी फार थोडा केला होता. म्हणून नावाखालची ओळ बदलली: ‘पायपिंग डिझायनर: चालू प्लांटमधले बदल, टाय-इन आणि ॲज-बिल्ट’. आणि तळोज्याची ओळ अशी झाली: ‘साइटवर मोजमाप करून जुन्या ड्रॉइंगमधली लाइन साइजची चूक शोधली, 12 टाय-इन, 38 आयसोमेट्रिक’. त्यानंतरच्या इंटरव्ह्यूमध्ये लीड डिझायनरने अर्धा तास फक्त त्या टेपबद्दल विचारलं. नऊ जागा का बदलल्या हे त्याने विचारलंच नाही.

या धाग्यात न बसणारी दोन कामं मी काढून टाकली: वाशीच्या एका ब्युटी पार्लरचं इंटीरियर ड्रॉइंग आणि ठाणे स्टेशनजवळच्या क्लासमध्ये तीन महिने शिकवलेलं ऑटोकॅड. पैसे दोन्हींचे बरे मिळाले होते. पण रेझ्युमे म्हणजे कमाईची डायरी नाही. ‘सगळं लिही, अनुभव दिसतो’ असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. तीच दोन कामं पाहून माणूस म्हणतो, हिला जे मिळेल ते करते.

आता थोडं सावरून घेते. तुमच्या कामांत धागा नसेल, एक वेबसाइट, एक कॉल सेंटर, एक इव्हेंट असं असेल, तर ओढूनताणून गुंफू नका. ज्या नोकरीसाठी अर्ज करताय तिच्याजवळची कामं ठेवा, बाकी एका ओळीत. गोपनीयतेचा करार केला असेल तर गिऱ्हाइकाचं नाव न लिहिता ‘केमिकल प्लांट, तळोजा’ एवढं पुरतं. ‘स्वतंत्र’ या मथळ्याखाली रिकामे महिने लपवू नका. एप्रिल ते जुलै 2020 माझ्याकडे काहीही काम नव्हतं, तो काळ कामांच्या तारखांमध्ये रिकामाच दिसतो आणि त्याबद्दल आजवर कोणी काही म्हणालं नाही. आणि सरकारी अर्जात ही गाठोडी बांधण्याची पद्धत चालत नाही, तिथे अनुभवाच्या रकान्यात प्रत्येक तुकडा प्रमाणपत्राप्रमाणे वेगळाच भरावा लागतो.

दीरांचं राहिलं. मी त्यांना ती व्हेरिफिकेशनची मेल दाखवली होती. ते म्हणाले, “अगं, आमच्याकडे एवढं बघत नाहीत.” एचआरचा माणूस हे बोलला. गणपतीतला मधल्या स्टेशनाचा विनोद मात्र तेव्हापासून बंद आहे.

ता.क. पीएफवाली कॉन्ट्रॅक्टं असतील तर यूएएनच्या पोर्टलवर सुटल्याची तारीख भरलेली आहे का ते आजच बघा. बऱ्याच एजन्सी ती भरत नाहीत, आणि मग तुम्ही कागदोपत्री एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी करताना दिसता. नोकरी सोडून दोन महिने झाले की ती स्वतःलाच भरता येते, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. आणि एजन्सीचं अनुभवपत्र काम संपण्याच्या आठवड्यातच मागून घ्या. माझं दुसरं पत्र आणायला मी वागळे इस्टेटला गेले तेव्हा त्या गाळ्यात टाइल्सचं दुकान होतं.