सुपरवायझरच्या सेफ्टी सर्टिफिकेटवर नेमणूक कुठे अडते

प्रश्न: मी पाच वर्षे बांधकामावर सुपरवायझर आहे. मोठ्या प्रकल्पांच्या जाहिरातींत ओशा ३०, एसएमएसटीएस नाहीतर नेबॉश अशी सेफ्टी सर्टिफिकेटे मागतात. ही सर्टिफिकेटे नसली तर अनुभव असूनही घेत नाहीत का, आणि घ्यायचेच झाले तर कोणते घ्यावे?

उत्तर: बहुतेक वेळा घेत नाहीत, आणि हा नकार अनुभव तपासण्याच्या आधीच येतो. मी मुख्य कंत्राटदाराच्या बाजूने सुपरवायझरांचे अर्ज मंजुरीसाठी पाठवण्याचे काम करतो, त्यामुळे हे कुठे अडते ते रोज पाहतो.

मोठ्या प्रकल्पावर तुम्हाला नोकरीवर घेण्याचा निर्णय एकट्या कंत्राटदाराचा नसतो. मालकाने नेमलेला सल्लागार कंत्राटाच्या सुरक्षा विभागात लिहून ठेवतो की अमुक पदावरच्या माणसाकडे अमुक प्रशिक्षण आणि इतक्या वर्षांचा अनुभव असावा. कंत्राटदार तुमची माहिती, अनुभवपत्रे आणि सर्टिफिकेटांच्या प्रती जोडून प्रस्ताव पाठवतो. आणि सल्लागाराचा माणूस त्या कागदांवर एकेक अट जुळते का ते पाहतो. तो तुम्हाला कधीच भेटलेला नसतो. लहान कामावर ठेकेदार तुमचे काम डोळ्यांनी पाहून तुम्हाला ओळखतो, इथे मात्र उद्या अपघात झाला तर ‘या माणसाला पात्र का ठरवले’ या प्रश्नाचे उत्तर त्या सल्लागाराला कागदावरूनच द्यायचे असते. म्हणून जो रकाना रिकामा आहे, त्यापुढचे पान सहसा उलटलेच जात नाही.

काही ठिकाणी तर ही अट कंत्राटाची नसून कायद्याची असते. न्यूयॉर्क शहरात २०१७ च्या स्थानिक कायदा क्रमांक १९६ मुळे मोठ्या बांधकामांवरील सुपरवायझरला ६२ तासांचे प्रशिक्षण आणि त्याचे कार्ड लागते, आणि प्रशिक्षण नसलेला माणूस साइटवर सापडला तर मालक, परवानाधारक आणि नोकरी देणारा यांना ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. अशा शहरात कार्ड नसलेल्या माणसाचा विचार कोणी करत नाही, यात काही नवल नाही. ब्रिटनमध्ये गोष्ट वेगळी आहे: तिथले २०१५ चे बांधकाम नियम कौशल्य, ज्ञान आणि अनुभव मागतात, विशिष्ट कार्डाचे नाव घेत नाहीत, पण मोठ्या कंत्राटदारांनी ते सिद्ध करण्याचा सोपा मार्ग म्हणून कार्डच पकडले आहे, आणि प्रत्यक्षात परिणाम जवळपास सारखाच होतो.

आता कोणते घ्यावे, याकडे येऊ. जाहिरातीत तिन्ही नावे शेजारी शेजारी लिहिलेली असली तरी ती एका पातळीची नाहीत, आणि इथेच बहुतेकांचा पैसा वाया जातो.

ओशा ३० हा अमेरिकेच्या कामगार सुरक्षा संस्थेचा, म्हणजे ओशाचा, कामावरच्या धोक्यांची ओळख करून देणारा तीस तासांचा अभ्यासक्रम आहे. तो स्वेच्छेने करायचा असतो, आणि ओशा स्वतःच सांगते की हे प्रमाणपत्र म्हणजे योग्यतेचा दाखला नव्हे. त्याची वेगवेगळी रूपे आहेत, त्यांत एक बांधकामासाठी आणि दुसरे सर्वसाधारण उद्योगांसाठी; कारखान्यासाठीचे कार्ड जोडलेला बांधकाम सुपरवायझरचा अर्ज परत येतो, आणि असे अर्ज बरेच येतात. दिवसाला साडेसात तासांहून अधिक प्रशिक्षण देता येत नाही, म्हणून हा कोर्स चार दिवसांपेक्षा कमी वेळात होऊच शकत नाही. कोणी ‘शनिवार-रविवारात करून देतो’ म्हणत असेल तर तिथे पैसे भरू नयेत, कारण तपासणारा माणूस सुरुवातीची आणि शेवटची तारीख पाहतोच. कार्डाला ओशाने मुदत घातलेली नाही, पण अनेक मालक गेल्या पाच वर्षांतलेच मागतात.

ब्रिटिश पद्धतीत सुपरवायझरसाठी दोन दिवसांचा एसएसएसटीएस आणि साइट मॅनेजरसाठी पाच दिवसांचा एसएमएसटीएस असे दोन कोर्स आहेत. दोन्हींची मुदत पाच वर्षे असते. नूतनीकरणाचा छोटा कोर्स मुदत संपण्याआधीच करावा लागतो; ती तारीख उलटली की पूर्ण कोर्स पहिल्यापासून. तुम्ही एका टोळीचे किंवा एका कामाचे सुपरवायझर असाल तर पहिला पुरतो. दुसरा तेव्हाच घ्यावा, जेव्हा तुम्ही संपूर्ण साइटच्या जबाबदारीच्या पदासाठी अर्ज करणार असाल, किंवा कंत्राटात तोच शब्द लिहिलेला असेल.

नेबॉश या ब्रिटिश परीक्षा संस्थेचे बांधकामविषयक प्रमाणपत्र मूल्यमापनातून मिळते आणि त्याला बराच अभ्यास लागतो. ज्याला पुढे सेफ्टी ऑफिसर किंवा सेफ्टी मॅनेजर व्हायचे आहे, त्याच्यासाठी ते योग्यच आहे. परंतु ज्याला काँक्रीट, खोदाई किंवा स्टीलचे काम करून घ्यायचे आहे आणि त्याच वाटेवर राहायचे आहे, त्याने केवळ जाहिरातीत ठळक अक्षरात दिसते म्हणून त्यावर महिने घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक जाहिराती मनुष्यबळ विभागाने जुन्या जाहिरातीवरून उतरवलेल्या असतात आणि सुपरवायझर व सेफ्टी ऑफिसर या दोन पदांच्या अटी त्यांत एकत्र कालवलेल्या असतात.

मात्र सर्टिफिकेट तुम्हाला मुलाखतीच्या खोलीपर्यंतच नेते. तिथे काय विचारले जाते, याचे एक उदाहरण सविस्तर देतो, कारण निवड खऱ्या अर्थाने इथेच होते.

समजा, नेमणूक खोदाईच्या सुपरवायझरची आहे. उमेदवाराकडे ओशा ३० आहे. त्याला एक फोटो दाखवला जातो: पाइप टाकण्यासाठी १.८ मीटर खोल चर, रात्री पाऊस झालेला, तळाशी थोडे पाणी, बाजू जवळजवळ उभ्या, काढलेल्या मातीचा ढीग कडेपासून हातभर अंतरावर, आणि एकच शिडी, जी काम चाललेल्या जागेपासून बारा मीटर लांब आहे. प्रश्न एवढाच असतो की सकाळी सात वाजता दोन माणसे आत उतरायला तयार आहेत, तुम्ही काय कराल?

पुष्कळ जण उत्तर देतात की मी सेफ्टी ऑफिसरला फोन करीन. इथेच ते मागे पडतात. अमेरिकी नियमांत ‘सक्षम व्यक्ती’ची व्याख्या दोन भागांत आहे: धोका ओळखता येणे, आणि तो ताबडतोब दूर करण्याचा अधिकार असणे. पहिला भाग कोर्समध्ये शिकवतात. दुसरा नेमणूकपत्रातून येतो आणि स्वभावातून दिसतो. अपेक्षित उत्तर असे असते की आधी माणसांना आत उतरू देणार नाही, मग पाहणी करीन, मग दुरुस्ती सुरू करून वरिष्ठांना आणि सेफ्टी ऑफिसरला कळवीन. हा क्रम उलटा झाला तर निम्मी मुलाखत तिथेच संपते.

त्यानंतर तपशील. त्याच नियमांनुसार खोदाईची पाहणी रोज काम सुरू होण्याआधी करायची असते आणि प्रत्येक पावसानंतर पुन्हा करायची असते, म्हणजे कालची नोंद आज चालत नाही. अखंड, स्थिर खडक नसेल तर १.५ मीटर खोलीपासून पुढे चराच्या बाजूंना संरक्षण लागते. मातीचा ढीग कडेपासून किमान ०.६ मीटर मागे हवा, आणि शिडी अशी की कोणालाही ७.५ मीटरपेक्षा जास्त आडवे चालावे लागू नये. फोटोतल्या एकाच चरात या तिन्ही गोष्टी चुकलेल्या आहेत.

चांगला उमेदवार इथे एक पाऊल पुढे जातो. तो म्हणतो की बाजूंमधून पाणी झिरपत असेल तर मी ही माती सर्वांत कमकुवत वर्गातली धरीन. त्या वर्गात उतार एक मीटर खोलीला दीड मीटर आडवा द्यावा लागतो. म्हणजे १.८ मीटर खोलीसाठी प्रत्येक बाजूला २.७ मीटर, तळ ०.९ मीटर रुंद असेल तर वरची रुंदी ६.३ मीटर होईल. इथे तेवढी जागा दिसत नाही, म्हणून उतार शक्य नाही आणि चराच्या बाजू धरून ठेवणारा ट्रेंच बॉक्स किंवा शोअरिंग मागवावे लागेल. तोवर पाणी उपसण्याची आणि त्यावर लक्ष ठेवण्याची व्यवस्था करून टोळीला दुसऱ्या कामावर लावीन. हा हिशेब तोंडी, अर्ध्या मिनिटात आला की मुलाखत घेणारे एकमेकांकडे पाहतात. तीस तासांच्या कोर्समध्ये हे आकडे कानावरून जातात, पण जागा पुरत नाही हे ओळखून कामाचा क्रम बदलण्याची सवय साइटवरच लागते. तुमची पाच वर्षे इथे उपयोगी पडतील.

टोळीला दुसऱ्या कामावर लावण्याच्या त्याच्या वाक्याकडे विशेष लक्ष द्यावे. टोळी बसून राहिली तर तो खर्च कोणीतरी सोसणार असतो, आणि ‘काम थांबवीन’ म्हणणाऱ्याने थांबलेल्या माणसांचे काय करायचे तेही सांगितले तर त्याचे थांबवणे पटते. म्हणून मी मुलाखतीत नेहमी विचारतो की याआधी तुम्ही काम कधी थांबवले होते आणि त्या दिवशी टोळी कुठे लावली. ज्याने खरोखर थांबवले आहे, त्याला आठवावे लागत नाही.

कोर्सला पैसे भरण्याआधी एक काम करावे. ज्या कंपनीत अर्ज करणार आहात, तिथे विचारावे की या पदासाठी कंत्राटात नेमके कोणते शब्द आहेत, ‘किंवा समकक्ष’ असे लिहिले आहे का, आणि ऑनलाइन केलेला कोर्स चालतो का. तुमचे काम मचाण, लिफ्टिंग किंवा उंचावर नेणाऱ्या यंत्रांशी संबंधित असेल तर त्या कामाचे स्वतंत्र कार्ड साधारण सुरक्षा कोर्सपेक्षा आधी पाहिले जाते. उंचावर नेणाऱ्या यंत्रांसाठी आयपीएएफ ही संस्था जे कार्ड देते, त्याचीही मुदत पाच वर्षेच असते. सर्टिफिकेटावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळू द्यावे, आणि तुमची मुदत प्रकल्पाच्या मध्येच संपणार असेल तर नूतनीकरणाची आरक्षित तारीख अर्जासोबतच जोडावी. ती जोडलेली नसेल तर सल्लागार सशर्त मंजुरी देतो किंवा प्रस्ताव परत पाठवतो, आणि परत आलेला प्रस्ताव पुन्हा पाठवेपर्यंत कंत्राटदाराने दुसरा माणूस पाहिलेला असतो.

अर्जातल्या अनुभवाच्या रकान्यात ‘सुरक्षेची जबाबदारी सांभाळली’ असे मोघम न लिहिता किती खोल खोदाई, किती माणसांची टोळी, रोजची पाहणी कोणाच्या सहीने होत असे आणि काम थांबवण्याचा लेखी अधिकार होता का, एवढे लिहावे. तसे नेमणूकपत्र जुन्या मालकाकडून मिळत असेल तर त्याची प्रत सर्टिफिकेटाच्या लगेच मागे लावावी.