बदलीच्या अर्जात 'वैयक्तिक कारण' लिहू नका

"कुपवाड एमआयडीसीत ऑफिसला आहे. साहेब घाणेरडं बोलतात, रात्री-अपरात्री मेसेज करतात. अंतर्गत समितीकडे तक्रार दिली आहे, चौकशी चालू आहे. आता त्यांच्या हाताखालून सुटायचंय. एचआर म्हणतात, 'वैयक्तिक कारणास्तव बदली मिळावी' असं लिहून द्या. देऊ का?"

ताई, तसं लिहून देऊ नका. त्या दोन शब्दांनी बदली तुमच्या सोयीची ठरते. उद्या मिरजेच्या गोदामात खालच्या कामावर बसवलं, तर 'तुम्हीच मागितली होती' हे उत्तर तयार असतं. शिवाय चौकशीत तोच कागद पुढे करून विचारतात, त्रास होता तर इथे का लिहिला नाही?

2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याचं कलम 12 नेमकं अशा वेळेसाठी आहे. चौकशी चालू असताना तुम्ही लेखी मागितलंत, तर समिती तुमची किंवा साहेबांची बदली करण्याची शिफारस मालकाला करू शकते. हक्काच्या रजेशिवाय तीन महिन्यांपर्यंत रजाही सुचवू शकते. नियम 8 नुसार तुमच्या कामाचा अहवाल लिहिण्याचं काम त्यांच्याकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देता येतं. तुम्हाला पहिल्यांदा हेच मागायचंय, कारण यात तुमची जागा हलत नाही.

म्हणून अर्ज समितीच्या अध्यक्षांच्या नावे करा, प्रत एचआरला. आपल्याकडे सवयीने 'मार्फत: विभागप्रमुख' लिहितात, ती ओळ गाळा. नाहीतर अर्ज त्यांच्याच टेबलावरून जाईल.

मजकूर एवढा पुरे:

"दि. ___ च्या माझ्या तक्रारीची चौकशी चालू आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत माझ्या कामाची देखरेख व मूल्यमापन श्री. ___ यांच्याकडून काढून अन्य अधिकाऱ्याकडे द्यावे, तसेच त्यांची अन्यत्र बदली करावी, अशी कलम 12 व नियम 8 नुसार शिफारस करावी. ते शक्य नसल्यास माझी बदली सध्याचे पद, वेतन व ज्येष्ठता कायम ठेवून करावी. या विनंतीमुळे माझी तक्रार मागे घेतली किंवा सौम्य केली असे समजू नये."

'आमचं पटत नाही', 'गैरसमज झाला', 'माझ्याकडून काही चुकलं असल्यास क्षमस्व' यांतलं काही घालू नका. आपण नम्रपणा म्हणून लिहितो, पण वाचणाऱ्याला भांडण दोन्हीकडचं वाटतं. प्रसंगांचं वर्णनही पुन्हा नको. ते तक्रारीत आहे, आणि इथे एखादी तारीख चुकली तर उलटतपासणीत तेवढीच धरतात.

दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. पोच देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा, शिवाय समितीला ईमेल करा. शिफारस झाली की ती अमलात आणून तसा अहवाल समितीला देणं मालकावर बंधनकारक आहे. बदलीचा आदेश हातात आला की कारणाची ओळ आधी वाचा. 'विनंतीवरून' एवढंच असेल, तर 'कलम 12 खालील शिफारशीनुसार' अशी दुरुस्ती लेखी मागा.