सरकलेलं कौल आणि लागलेला कौल

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात एक हस्तलिखित कथा वाचली (सोबत जोडली आहे). पहिल्याच परिच्छेदात 'माजघरावरचं एक कौल सरकलं होतं' असं वाक्य येतं. अर्धे म्हणाले, हे घर मोडण्याचं प्रतीक. अर्धे म्हणाले, पूर्वसूचना. बरोबर शब्द कोणता? आणि असे धागे सुरुवातीलाच ओळखायचे कसे? — एक वाचक, फोंडा

उत्तर : कथेत दिसेल त्या वस्तूला 'प्रतीक' म्हणायची सवय आता थांबली पाहिजे. दार दिसलं की प्रतीक, पाऊस पडला की प्रतीक. अमरकोशात 'प्रतीक' हा शब्द अंग, अवयव या अर्थाच्या शब्दांच्या ओळीत बसला आहे. अवयव देहाबरोबरच असतो, देहाच्या आधी येत नाही. म्हणजे प्रतीकाला काळ नाही. तुमच्या कथेतलं कौल मात्र दहा पानं आधी येऊन शेवटाची वाट पाहत बसलं आहे. तो वेगळाच प्रकार आहे.

'पूर्वसूचना' हा शब्दही मला इथे चालत नाही. पूर्वसूचना वीज जाण्याची असते, ती कळावी म्हणूनच देतात. कथाकाराला त्या घडीला ते कळू द्यायचं नसतं. काही परिभाषाकार 'पूर्वछाया' सुचवतात. तो परक्या शब्दाचा नुसता ठसा आहे, आणि आपल्याकडे शब्द नसता तर एक वेळ चालला असता. नाट्यशास्त्राने पाच अर्थप्रकृती सांगितल्या, त्यातली पहिलीच 'बीज' : थोडंसं टाकलेलं, पुढे अनेक अंगांनी पसरणारं आणि फळापाशी संपणारं. याहून नेमकी व्याख्या कुणी दाखवावी. शिवाय 'पताकास्थानक' आहेच : बोलणाऱ्याच्या मनात एक, आणि पुढच्या घटनेला लागू पडतं दुसरंच. उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकात राम म्हणतो, हिचं सगळंच प्रिय, असह्य आहे तो फक्त विरह. आणि त्याच क्षणी प्रतीहारी येऊन सांगते, 'देवा, आला.' तिला सांगायचं असतं रामाचा हेर दुर्मुख आल्याचं, ऐकणाऱ्याच्या कानी पडतं विरह आल्याचं. सीतात्यागाचं कारण ठरणारी वार्ता दुर्मुखच घेऊन आलेला असतो.

पण तुमच्या कथेतल्या ज्या शब्दावर मी अडकलो तो 'कौल'. छपरावरचं 'ते कौल' हे संस्कृत 'कपाल' म्हणजे खापर यातून आलं. कपाटाचं कवाड झालं, कपर्दिकेची कवडी झाली, तसंच कपाल, कवाल, कौल. देवाचा 'तो कौल' मात्र अरबी 'क़ौल', म्हणजे उच्चारलेला शब्द, दिलेलं वचन. रयतेला अभय देणारा कौलनामा त्याच घरातला. माझे एक ज्येष्ठ स्नेही आग्रहाने सांगतात की दोन्ही शब्द एकच, देवळाच्या छपरावरून देवाच्या बोलण्यावर गेलेले. हे साफ चूक आहे. एक नपुंसकलिंगी, दुसरा पुल्लिंगी. एकाची वाट प्राकृतातून, दुसऱ्याची फारसी दफ्तरातून. आवाज जुळला म्हणून कूळ जुळत नाही.

आता फोंड्याच्या देवळांतली प्रसादपाकळी आठवा. भिजवलेल्या पाकळ्या मूर्तीवर चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि थांबतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळी चिकटते आधी, पडते नंतर, आणि मधल्या वेळात सगळ्यांचे डोळे तिच्यावर असतात. कथेच्या आरंभी पेरलेल्या तपशिलाला मी गेली कित्येक वर्षं 'कौल' म्हणतो ते यासाठी. त्यात पाकळीही आहे आणि वचनही. लेखकाने पहिल्या पानावर शब्द दिला, शेवटच्या पानावर तो पाळला पाहिजे. हा शब्द कोशात या अर्थाने नाही, हे मला ठाऊक आहे. तो यावा असं माझं म्हणणं आहे.

तुमच्याच कथेवर हे तपासून पाहू. मी ती दोनदा वाचली. मे महिन्यात शाकारणी राहून जाते आणि माजघरावरचं कौल सरकलेलं राहतं. दुसऱ्या पानावर मुंबईहून येणाऱ्या थोरल्यासाठी खोली मोकळी करताना पेटारा माजघरात येतो. तिसऱ्यावर भाऊ वाटणीचा कागद वडिलांच्या जुन्या शाईच्या पेनाने लिहितात. चौथ्यावर आई देवळात कौल लावून येते आणि काय मिळाला ते सांगत नाही. सातव्यावर पाऊस. भाऊ भांडताहेत, आणि त्याच वाक्याच्या पोटात 'सात ठिकाणी गळत होतं, आईने सहा भांडी ठेवली' असं येऊन जातं. अकराव्या पानावर पेटाऱ्यातला कागद भिजून नुसता निळा लगदा झालेला असतो.

ओळखण्याची माझी पहिली कसोटी वगळून पाहण्याची. सरकलेलं कौल काढा, शेवटचं पाणी आभाळातून ऐनवेळी आणल्यासारखं वाटेल. म्हणजे ते बीज. राजांगणात तुळशीवरून ओढलेली चुन्याची रेघ काढा, घटना जशीच्या तशी घडेल, फक्त अर्थ पातळ होईल. म्हणजे ते प्रतीक. छपरावरचा कावळा काढा, काहीच होत नाही. तो नुसता कावळा आहे, त्याला पितर करू नका. पेन मात्र दोन्ही आहे. वडिलांचा हात म्हणून ते प्रतीक, आणि बॉलपेनची शाई पाण्याने अशी सहजी पसरत नाही म्हणून बीजही. तुमच्या मंडळातला वाद इथे व्हायला हवा होता.

ही कसोटी शेवट कळल्यावरची झाली. पहिल्या वाचनात मी तपशील कुठे लपवला आहे ते बघतो. कसलेला लेखक बीज वाक्याच्या शेवटी ठेवत नाही, कारण तिथे लक्ष थांबतं. यादीच्या मधोमध, किंवा दुसरं काही जोरात चाललेलं असताना तो ते टाकतो. भांडणात कुणी भांडी मोजत नाही, म्हणून भांडी तिथे आहेत. अशा गर्दीत नेमका आकडा आला, की पेन्सिलीने खूण करायची. तसंच अर्धवट सोडलेल्या उत्तरापाशी. आईने कौल सांगितला नाही, आणि लेखकानेही नाही. हा विसर नाही, ही मूर्तीवर चिकटवून ठेवलेली पाकळी आहे. सातवं भांडं तिने का ठेवलं नाही, हे कळलं की कौल उजवा होता की डावा तेही कळतं.

खुणा केलेल्या सगळ्याच गोष्टी पुढे उगवत नाहीत. माझ्या प्रतीवर नऊ खुणा होत्या, उगवल्या पाच. उरलेल्यांत थोरल्याचा खोकला होता. त्यावर मी फार विसंबलो आणि चुकलो. खोकल्याचा उल्लेख एकदाच येतो. कौल तीनदा येतं आणि दर वेळी थोडं बदलून : आधी सरकलेलं, मग फटीतून उजेड पाडणारं, मग पाणी. परत येताना बदललेली वस्तू हीच भरवशाची.

लेखिकेला माझा एक निरोप द्या. दहाव्या पानावर 'सरकलेल्या कौलासारखं घरही सरकत होतं' असं वाक्य आहे. बहुतेक तुमच्यातल्या प्रतीकवाल्यांना तेच आवडलं असेल. लगद्यापर्यंत पोचायच्या एकच पान आधी ते वाचकाचा हात धरून त्याला छपराकडे नेतं, आणि सहा भांडी तिथेच उघडी पडतात. ते वाक्य काढायला सांगा.