पॉवर डिस्टन्स की इंडिव्हिज्युअलिझम? प्रसंग देऊन विचारलेल्या प्रश्नांत फरक कसा ओळखायचा?

प्रश्न: क्रॉस-कल्चरल मॅनेजमेंटच्या क्विझमध्ये छोटा प्रसंग देतात आणि त्यामागचं डायमेन्शन, म्हणजे संस्कृतींतला फरक मोजायचा निकष, ओळखायला सांगतात. व्याख्या मला पाठ आहेत, तरी पॉवर डिस्टन्स आणि इंडिव्हिज्युअलिझम यांत हमखास गोंधळ होतो. दोन्ही पर्याय बरोबरच वाटतात. नेमकं काय बघायचं?

उत्तर:

प्रसंगातला माणूस कोणाकडे बघून तसं वागतोय, ते शोधा. समोर वरिष्ठ असेल आणि वागण्याचं कारण त्याचा अधिकार असेल, तर पॉवर डिस्टन्स. समोर आपला गट असेल, म्हणजे सहकारी, कुटुंब किंवा टीम, आणि प्रश्न ‘मी आधी की आम्ही आधी’ असा असेल, तर इंडिव्हिज्युअलिझम आणि त्याची दुसरी बाजू असलेला कलेक्टिव्हिझम. एक नातं उभं, दुसरं आडवं. देशाचं नाव वाचून उत्तर ठरवायला गेलात की फसलात, कारण बहुतेक प्रश्नांत देशांच्या जोड्या अशाच निवडलेल्या असतात की दोन्ही डायमेन्शन्सवर त्यांच्यात मोठा फरक असतो.

एक नमुना घेऊ. डेन्मार्कची एक मॅनेजर मलेशियातल्या टीमची प्रमुख होते. पहिल्याच बैठकीत ती स्वतःचा आराखडा मांडते आणि म्हणते, “यात काय चुकतंय ते मोकळेपणानं सांगा.” कोणीच बोलत नाही. बैठक संपल्यावर एक जुना कर्मचारी तिच्या सहायकाला हळूच सांगतो की दिलेल्या तारखा पाळणं शक्य नाही. हे मौन कशामुळे? पर्याय चार: इंडिव्हिज्युअलिझम, पॉवर डिस्टन्स, अनसर्टन्टी अव्हॉइडन्स, मस्क्युलिनिटी.

ही डायमेन्शन्स मांडणारे डच संशोधक हॉफस्टेड यांच्या देशवार गुणांच्या मूळ तक्त्यात पॉवर डिस्टन्सवर डेन्मार्क 18 आणि मलेशिया 104. इंडिव्हिज्युअलिझमवर डेन्मार्क 74 आणि मलेशिया 26. म्हणजे आकडे पाठ असले तरी पहिल्या दोन पर्यायांतला एकही गळत नाही. आता मजकूर पुन्हा वाचा. आराखडा कोणाचा? वरिष्ठाचा. चूक कोणाची दाखवायची होती? वरिष्ठाची, तीही तिच्या तोंडावर आणि सगळ्यांसमोर. कर्मचाऱ्याला अडचण दिसत होती आणि ती सांगण्याची इच्छाही होती. त्यानं फक्त वाट बदलली आणि मधल्या माणसाकडून निरोप वर पाठवला. उत्तर पॉवर डिस्टन्स.

आता त्याच प्रसंगातला एकच तपशील बदला. मॅनेजर खोलीत नाही, आराखडा एका सहकाऱ्यानं केलाय आणि टीमनं आपापसात त्यावर मत द्यायचंय. तरीही सगळे गप्प, कारण त्याला सगळ्यांसमोर कमीपणा येऊ नये. इथे वरिष्ठ चित्रातच नाही. गटातला सलोखा आणि त्या सहकाऱ्याची अब्रू जपली जातेय, म्हणून उत्तर कलेक्टिव्हिझम. मौन तेच, देश तोच, उत्तर मात्र वेगळं. सराव करताना हाच प्रयोग करून बघा: वरिष्ठाला मनातल्या मनात खोलीबाहेर काढा आणि विचारा की वागणं बदललं असतं का. बदललं असतं, तर पॉवर डिस्टन्स.

तिसरा बदलही बघा, कारण अनसर्टन्टी अव्हॉइडन्स, म्हणजे अनिश्चितता टाळण्याची ओढ, याच वाटेनं आत शिरतं. समजा टीम म्हणाली, “आधी लेखी कार्यपद्धती द्या, प्रत्येक टप्प्याचे नियम ठरवा, मग बोलू.” आधार नियमांचा हवा असेल तर अनसर्टन्टी अव्हॉइडन्स. “तुम्हीच ठरवा, आम्ही करतो” असं म्हणून आधार माणसाच्या हुद्द्याचा घेतला जात असेल, तर पॉवर डिस्टन्स.

ही विभागणी का चालते, हे मूळ प्रश्नावलीत दिसतं. हॉफस्टेड यांचा पाया म्हणजे आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून 1967 ते 1973 या काळात भरून घेतलेल्या प्रश्नावल्या. पॉवर डिस्टन्सचा निर्देशांक त्यातल्या तीनच गोष्टींवर उभा आहे: कर्मचारी वरिष्ठाशी असहमती दाखवायला किती वेळा घाबरतात, आपला वरिष्ठ निर्णय कसे घेतो असं त्यांना वाटतं, आणि त्यांना स्वतःला कोणत्या पद्धतीनं निर्णय घेणारा वरिष्ठ आवडेल. तिन्ही ठिकाणी वरिष्ठ हजर आहे आणि तिन्ही उत्तरं खालच्या माणसाची आहेत. इंडिव्हिज्युअलिझमचा निर्देशांक मात्र ‘आदर्श नोकरीत तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं’ या प्रश्नांतून आला. स्वतःसाठी पुरेसा वेळ, काम आपल्या पद्धतीनं करण्याची मोकळीक आणि आव्हानात्मक काम एका टोकाला; कंपनीकडून मिळणारं प्रशिक्षण, कामाच्या जागेची चांगली परिस्थिती आणि आपली कौशल्यं पुरेपूर वापरता येणं दुसऱ्या टोकाला. शेवटची तीन कलेक्टिव्हिझमकडे कशी, असं वाचताना खटकतं. ती कंपनीनं माणसासाठी करायच्या गोष्टी आहेत, म्हणजे माणूस संस्थेवर किती विसंबून आहे ते दाखवतात, असा हॉफस्टेड यांचा तर्क आहे. मला हा दुवा जरा ताणलेला वाटतो, पण क्विझमध्ये हेच विचारतात.

पॉवर डिस्टन्सच्या व्याख्येवरचा सापळाही यातूनच सुटतो. एखाद्या पर्यायात ‘वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्या पगारातली तफावत’ किंवा ‘नेते किती कडक वागतात’ असं लिहिलेलं असतं. हे पर्याय दिसायला बरोबर, पण व्याख्या तशी नाही. कमी अधिकार असलेली माणसं सत्तेची विषम वाटणी किती गृहीत धरतात आणि किती मान्य करतात, हे मोजलं जातं. म्हणून ज्या पर्यायात अपेक्षा किंवा स्वीकार खालच्या बाजूनं आहे, तोच घ्या. इंडिव्हिज्युअलिझमच्या बाबतीत ‘स्वार्थीपणा’ हा शब्द असलेला पर्याय बहुधा चुकीचा असतो. तिथे मुद्दा एवढाच की माणसानं स्वतःची आणि अगदी जवळच्या कुटुंबाची काळजी घ्यावी अशी अपेक्षा आहे, की निष्ठेच्या बदल्यात मोठा गट त्याला सांभाळतो.

तुमच्या गोंधळाला आणखी एक कारण आहे, आणि त्यात तुमचा दोष नाही. हॉफस्टेड यांच्या माहितीत या दोन निर्देशांकांचा उलटा संबंध दिसतो: जिथे पॉवर डिस्टन्स जास्त, तिथे बहुतेक वेळा इंडिव्हिज्युअलिझम कमी. त्यामुळे डोक्यात दोन्ही एकच गोष्ट होऊन बसतात. बारकाईनं प्रश्न काढणारे नेमके अपवाद उचलतात. फ्रान्सचा पॉवर डिस्टन्स 68 आणि इंडिव्हिज्युअलिझम 71, दोन्ही जास्त. कोस्टा रिकाचे 35 आणि 15, दोन्ही कमी. फ्रान्सवरचा प्रश्न असा येऊ शकतो: एका विभागात प्रत्येक जण आपलं काम स्वतंत्रपणे करतो, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसत नाही, पण महत्त्वाचा निर्णय असला की तो थेट वर जातो आणि वरूनच येतो. याला एक डायमेन्शन पुरत नाही. पहिला भाग इंडिव्हिज्युअलिझमचा, दुसरा पॉवर डिस्टन्सचा, आणि ‘दोन्ही जास्त’ असा पर्याय असेल तर तोच बरोबर. ‘इंडिव्हिज्युअलिझम जास्त म्हणून पॉवर डिस्टन्स कमी’ हा पर्याय याच चुकीसाठी ठेवलेला असतो.

काही प्रश्न पुढे जाऊन विचारतात: मग मॅनेजरनं काय करावं? इथे आधी निदान पक्कं करा, कारण उपाय निदानानुसार बदलतो. आपल्या डॅनिश मॅनेजरच्या पहिल्या प्रसंगात ‘टीमला पुन्हा सांगावं की मोकळेपणानं बोला’ हा पर्याय चुकतो, कारण हे सांगणारीही तीच वरिष्ठ आहे आणि प्रसंग जसाच्या तसा राहतो. ती खोलीत नसताना मतं गोळा व्हावीत आणि नाव न घालता, लेखी किंवा विश्वासातल्या मध्यस्थाकडून तिच्यापर्यंत यावीत, असा पर्याय शोधा. दुसऱ्या प्रसंगात मॅनेजर खोलीबाहेर होतीच, तरी कोणी बोललं नाही; म्हणून तो उपाय तिथे अपुरा. तिथे टीका एका माणसावर न येता कामावर यावी आणि टीमचं एकत्रित मत म्हणून यावी, असं सुचवणारा पर्याय जास्त बसतो. याच तर्कानं, कलेक्टिव्हिस्ट टीममध्ये एकालाच सगळ्यांसमोर पुरस्कार दिल्यावर तो अवघडतो असा प्रसंग आला, तर उत्तर बक्षिसाची रक्कम वाढवण्यात नसून ते गटाला देण्यात आहे.

पर्यायांतली भाषाही तपासा. ‘हा कर्मचारी कमी इंडिव्हिज्युअलिझम असलेल्या देशातला आहे, म्हणून तो स्वतंत्र काम निश्चितच नाकारेल’ असलं वाक्य नेहमी चूक. आकडा समाजाच्या सरासरीचा आहे. तो एका माणसाला लावणं ही इकॉलॉजिकल फॅलसी, आणि तीवर वेगळा प्रश्नही येतो. शिवाय आकडा तुलनेसाठी आहे. नुसत्या 77 ला काही अर्थ नाही, 77 विरुद्ध 40 ला आहे. मलेशियाचा 104 बघून छपाईची चूक समजू नका. पट्टी साधारण 0 ते 100 अशी बेतली होती आणि काही देश नंतर त्यात आले, म्हणून आकडा 100 च्या पुढेही जाऊ शकतो.

शेवटी, प्रश्न कोणत्या मॉडेलवर आहे ते बघा. संस्कृतींच्या तुलनेचं दुसरं मॉडेल मांडणारे ट्रॉम्पेनार्स यांच्या सात डायमेन्शन्समध्ये पॉवर डिस्टन्स नाहीच. वरिष्ठ-कनिष्ठांचा विषय तिथे दर्जा कमावलेला आहे की जन्मानं, वयानं, पदानं मिळालेला, या जोडीत येतो. त्यामुळे ट्रॉम्पेनार्सवरच्या प्रश्नात पॉवर डिस्टन्स हा पर्याय दिसला की आधी तो खोडा. ग्लोब या अनेक देशांतल्या संस्कृती आणि नेतृत्वाच्या अभ्यासात पॉवर डिस्टन्स आहे, पण कलेक्टिव्हिझमचे दोन तुकडे केलेत: संस्था सामूहिक वाटपाला किती उत्तेजन देतात तो इन्स्टिट्यूशनल, आणि कुटुंब वा आपल्या संस्थेबद्दलचा अभिमान आणि निष्ठा तो इन-ग्रुप. शिवाय तिथे प्रत्येक डायमेन्शन दोनदा मोजलंय, ‘आहे कसं’ आणि ‘असावं कसं’. 7 गुणांच्या पट्टीवर पॉवर डिस्टन्सची सरासरी ‘आहे’ मध्ये 5 च्या वर, तर ‘असावं’ मध्ये 3 च्याही खाली आहे. म्हणून ग्लोबच्या प्रश्नात ‘पॉवर डिस्टन्स जास्त असलेल्या समाजातल्या लोकांना तो तसाच हवा असतो’ असा पर्याय आला, तर त्यावर खूण करू नका.